लहान खोलीसाठी रूम हीटर: ऑइल, फॅन की हॅलोजन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की तेच तेच प्रश्न येत राहतात: बिल किती येईल, रात्री लावून झोपलं तर चालेल का, प्लग का तापतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. लहान खोली म्हणजे साधारण दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा फुटांची, दार-खिडकी लावून घेता येणारी खोली, असं धरलं आहे.

१. ऑइल, फॅन आणि हॅलोजन हीटरमध्ये नेमका फरक काय?

तिन्हींमध्ये विजेची उष्णता होते. ती खोलीत कशी पोहोचते, इथे फरक आहे.

ऑइल हीटरच्या पोकळ लोखंडी पट्ट्यांमध्ये तेल सीलबंद असतं. खालच्या बाजूचा एलिमेंट ते तेल तापवतो, तेल पट्ट्या तापवतं आणि पट्ट्यांमुळे भोवतीची हवा हळूहळू गरम होऊन वर चढते. तेल जळत नाही, संपत नाही. सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, पण बंद केल्यावरही तो बराच वेळ ऊब देत राहतो.

फॅन हीटर, म्हणजे ज्याला बरेच जण ब्लोअर म्हणतात, त्यात तापलेल्या कॉइलवरून किंवा सिरॅमिक एलिमेंटवरून छोटा पंखा हवा फेकतो. मिनिटाभरात गरम झोत येतो. बंद केला की ऊबही लगेच ओसरते, शिवाय आवाज असतो तो वेगळाच.

हॅलोजनमध्ये काचेच्या नळीत टंगस्टनची तार असते आणि ती दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. तिची उष्णता किरणांच्या रूपाने समोर जाते, त्यामुळे हवेपेक्षा समोर बसलेला माणूस, गादी, पडदा हे सगळं थेट तापतं. अंगावर उन्हाची तिरीप पडावी तसं वाटतं. बाजूला सरकलात की थंडी तिथेच असते.

२. या तिघांत सर्वांत कमी वीज कोणता खातो?

सारख्या वॅटचे तिन्ही हीटर तासाला सारखीच वीज खातात आणि सारखीच उष्णता देतात. १००० वॅटचा कोणताही हीटर तासभर सतत चालला की एक युनिट जातं. घेतलेल्या विजेची जवळपास सगळी उष्णता होते, त्यामुळे 'हा हीटर तेवढ्याच विजेत जास्त उष्णता देतो' या जाहिरातीला अर्थ नाही.

बिलातला फरक दोन गोष्टींनी पडतो. हीटर प्रत्यक्षात किती वेळ वीज घेतो ही एक, आणि तुम्हाला अख्खी खोली तापवायची आहे की फक्त स्वतःला, ही दुसरी. ऑइल हीटरला थर्मोस्टॅट असतो. खोली पुरेशी गरम झाली की तो वीज तोडतो आणि गार झाली की पुन्हा जोडतो. बऱ्याच फॅन हीटरनाही तो असतो. साध्या हॅलोजनला सहसा नसतो, म्हणजे बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत तो पूर्ण वीज घेतच राहतो. प्रत्यक्ष आकडे प्रश्न ४ मध्ये आहेत.

३. माझी खोली दहा बाय दहाची आहे. १००० वॅट पुरतील की २००० हवेत?

हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे, कारण त्यातून बऱ्याच गोष्टी उलगडतात.

दहा बाय दहा, उंची नऊ फूट, म्हणजे सुमारे २५ घनमीटर हवा. तिचं वजन साधारण ३० किलो. ही हवा १२ अंशांवरून २२ अंशांवर न्यायला लागते फक्त ०.०८ युनिट, म्हणजे २००० वॅटच्या हीटरला अडीच मिनिटं. पण अडीच मिनिटांत खोली गरम झाल्याचा अनुभव कुणालाच येत नाही. कारण हवा तापते न तापते तोच भिंती, फरशी, छत आणि गादी ती उष्णता शोषून घेतात. खरा भार त्यांचा असतो.

नंतर प्रश्न येतो तो खोली गरम राखण्याचा. मधल्या मजल्यावरची खोली घेऊ. एकच भिंत बाहेरच्या बाजूला, नऊ इंची विटांची. त्यात एक खिडकी, साध्या काचेची. बाहेर १२ अंश, आत २२ हवेत. बाहेरच्या भिंतीतून ढोबळमानाने दीडशे वॅट जातात, खिडकीच्या काचेतून ऐंशी-नव्वद आणि फटींतून आत येणाऱ्या गार हवेमुळे साठ-सत्तर. शेजारच्या खोल्या तापवलेल्या नसतील तर आतल्या भिंतींतूनही तीनशेच्या आसपास निसटतात. एकूण झाले सुमारे ६०० वॅट. म्हणजे अशा खोलीला ती एकदा तापल्यावर १००० वॅट भरपूर झाले.

वर उघडी गच्ची असेल तर गणित बदलतं. काँक्रीटच्या स्लॅबमधून आणखी अडीचशे-तीनशे वॅट जातात आणि बेरीज ९०० च्या घरात पोहोचते. तिथे १००० वॅट कसेबसे पुरतात आणि थंड भिंती तापायला खूप वेळ लागतो.

म्हणून मी १००० आणि २००० अशा दोन पायऱ्या असलेला हीटर घ्यायला सांगतो. सुरुवातीला अर्धा-पाऊण तास वरची पायरी, मग खालची. त्याआधी खिडकीच्या आणि दाराखालच्या फटी मात्र बघा. तिथे दोन बोटांची फट असेल तर वरचा हिशेब कोलमडतो.

४. रात्रभर आठ तास चालवला तर किती युनिट जातील?

प्रश्न ३ मधलीच मधल्या मजल्यावरची खोली घेऊ.

२००० वॅटचा ऑइल हीटर पहिल्या तासात भिंती तापवताना बराच वेळ सुरू राहील. दीड युनिट धरा. पुढचे सात तास तो सुरू-बंद होत सरासरी ६०० वॅट घेईल, ते झाले ४.२ युनिट. एकूण साडेपाच ते सहा. खोक्यावर २००० वॅट वाचून लोक सोळा युनिटांचा हिशेब करतात आणि घाबरतात. सोळा तेव्हाच होतील, जेव्हा थर्मोस्टॅट एकदाही वीज तोडणार नाही. म्हणजे खोलीतून उष्णता फार निसटत असेल, किंवा चकती शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली असेल.

ही चकती बहुतेक जण चुकीची लावतात. साध्या हीटरवर तिच्यावर अंश नसतात, नुसते १ ते ६ असे आकडे किंवा जाड होत जाणारी रेघ असते. सुरुवातीला ती टोकाला न्या. खोली हवी तेवढी उबदार झाली की चकती हळूहळू उलटी फिरवा. एका जागी बारीकसा 'टक्' आवाज येतो आणि दिवा विझतो. तिथेच सोडून द्या. त्या रात्रीच्या खोलीचं तापमान तिथे पकडलं गेलेलं असतं.

आता ८०० वॅटचा हॅलोजन. आठ तास, थर्मोस्टॅट नाही, म्हणजे ६.४ युनिट. निम्म्याहून कमी वॅटचा असूनही त्याने ऑइल हीटरइतकीच किंवा थोडी जास्तच वीज घेतली. शिवाय हॅलोजन रात्रभर चालवूच नये, त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

स्वतःच्या घरचा आकडा हवा असेल तर झोपताना आणि उठल्यावर मीटरचा फोटो काढा. फ्रिज वगैरेचा नेहमीचा खप कळावा म्हणून हीटर न लावलेल्या एका रात्रीचाही फोटो घ्या आणि वजाबाकी करा.

५. मग हॅलोजन स्वस्तात पडतो असं लोक का म्हणतात?

कारण एका विशिष्ट वापरात ते खरं आहे. तुम्ही एकटे टेबलाशी बसून तासभर काम करताय. हॅलोजनची एकच ४०० वॅटची नळी लावली, चार फुटांवरून पायांकडे वळवली, तर ०.४ युनिटमध्ये काम झालं. तेवढ्या वेळात ऑइल हीटर जेमतेम भिंती तापवत असेल. माणूस तापवायचा असेल तर हॅलोजन, खोली तापवायची असेल तर इतर दोन.

फॅन हीटरचीही अशीच आपली जागा आहे. कपडे बदलण्यापुरती किंवा अंथरुणात शिरण्याआधी पंधरा मिनिटं खोली गरम करायची आहे, तर २००० वॅटवर अर्धं युनिट लागेल आणि ऊब लगेच मिळेल.

हॅलोजनसमोर रोज एकाच ठिकाणी, फार जवळ बसू नका. महिनोन्महिने तसं केल्यास पायांवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठू शकतात. भाजल्याच्या वेदना होत नाहीत, त्यामुळे लक्षात उशिरा येतं. डाग दिसले तर अंतर वाढवा, आणि ते गेले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

६. आगीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित कोणता?

ऑइल हीटर, मग फॅन हीटर, शेवटी हॅलोजन. हा क्रम का, ते समजून घेतलं तर हीटर कुठे ठेवायचा हे आपोआप कळतं.

ऑइल हीटरचा सर्वांत गरम भाग म्हणजे त्याच्या पट्ट्या. त्यांना हात टेकला तर चटका बसतो, पण हीटर नीट चालत असेल तर कापड पेटण्याइतक्या त्या तापत नाहीत. तेल आणि लोखंड एवढं जड असतं की तापमान झटकन चढतही नाही.

फॅन हीटरची कॉइल बरीच जास्त तापते, मात्र ती जाळीच्या आत असते आणि पंखा तिची उष्णता सतत ओढून नेत असतो. धोका पंखा अडकला किंवा तोंडावर कापड पडलं तर. तेव्हा आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. म्हणजे या हीटरची सुरक्षितता एका छोट्या सुट्या भागावर अवलंबून आहे. सिरॅमिक एलिमेंटचा प्रकार इथे बरा. तो जास्त तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि वीज आपोआप कमी होते.

हॅलोजनची नळी उघड्या जाळीमागेच असते आणि उष्णता झोताने एकाच दिशेला जाते. फूट-दीड फुटावरचं पांघरूण न टेकताही करपू शकतं. हीटर पडला तर बंद व्हावा म्हणून बुडाला एक बटण असतं. जमिनीवर उभा असताना ते दाबलेलं राहतं, उचललं की सुटतं. त्याची परीक्षा सोपी आहे: चालू हीटर पाठीमागच्या दांड्याला धरून दोन बोटं वर उचला, तो लगेच विझला पाहिजे. जाड गालिच्यावर हे बटण नीट दाबलं जात नाही आणि हीटर सुरूच होत नाही, म्हणून काही जण ते चिकटपट्टीने कायमचं दाबून टाकतात. दुरुस्तीला आलेल्या हीटरच्या बुडाशी अशी पट्टी दिसली की मी आधी ती काढतो, मग बाकीचं बघतो. आणि ही सोय फक्त हीटर पडण्यासाठी आहे. वाऱ्याने पडदा उडून समोर आला तर तिचा काही उपयोग नाही.

तिन्हींसाठी एक नियम पाळा: पलंग, पडदा, कागद, कपडे यांपासून किमान एक मीटर अंतर. खोली लहान असेल तर हा नियमच हीटरची निवड ठरवतो. समोर एक मीटर मोकळं ठेवायला जागाच नसेल तर हॅलोजन त्या खोलीसाठी नाही.

७. झोपताना चालू ठेवता येईल असा कोणता?

हॅलोजन नाही आणि साधा कॉइलचा फॅन हीटरही नाही. झोपेत पांघरूण घसरतं, उशी खाली पडते, आणि ते बघायला कुणी जागं नसतं.

सर्वांत उत्तम म्हणजे झोपण्याआधी तासभर ऑइल हीटर लावून खोली आणि भिंती तापवायच्या आणि पांघरूण घेतलं की बंद करायचा. पांघरुणाखाली शरीर स्वतःची ऊब राखतं आणि पट्ट्यांमधलं तेलही काही वेळ उष्णता सोडत राहतं. आजारी किंवा वृद्ध माणसासाठी रात्रभर लावावाच लागला तर ऑइल हीटर, खालच्या पायरीवर, थर्मोस्टॅट मागे घेऊन, भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडून. त्या रात्रीआधी प्रश्न ८ मधली प्लगची तपासणी नक्की करा.

८. हीटरचा प्लग गरम होतो. हे नॉर्मल आहे का?

किंचित कोमट, चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर नाही. माझ्या मते या सगळ्या यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण लोक हीटरचा प्रकार निवडण्यात आठवडा घालवतात आणि तो लावतात सैल झालेल्या सॉकेटला.

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर करंट घेतो. सॉकेटच्या आतली पितळी पाती वर्षानुवर्षांच्या वापराने सैल झाली, काळी पडली, की पिन आणि पाती यांच्यामधला रोध वाढतो. समजा तो ०.२ ओहम झाला. ऐकायला काहीच नाही. पण करंटचा वर्ग गुणिले रोध केलं तर त्या टिचभर जागेत १५ वॅट उष्णता तयार होते. वाळूच्या दाण्याएवढ्या स्पर्शबिंदूवर, प्लॅस्टिकच्या बंद डबीत, तासन् तास. तापलं की पाती आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. एक दिवस प्लॅस्टिक वितळतं.

यात एमसीबी का पडत नाही, हे पुढचं स्वाभाविक कुतूहल. करंट वाढलेलाच नसतो. एमसीबीला ८.७ अँपिअरच दिसतात आणि त्यात वावगं काही नाही. म्हणून ही तपासणी हातानेच करावी लागते.

अशी करा: हीटर वरच्या पायरीवर अर्धा तास चालवा. सॉकेटच्या बटणावरून बंद करा, मग प्लग काढा. पिनांना लगेच बोट लावू नका, आधी प्लगच्या पाठीवर तळहात ठेवा. मग पिना बघा. एकाच पिनेवर तपकिरी किंवा निळसर डाग, सॉकेटच्या एका भोकाभोवती पिवळटपणा, जळक्या माशासारखा वास, किंवा प्लग घालताना अजिबात जोर न लागणं, यातलं काहीही आढळलं तर सॉकेट बदलून घ्या. फक्त प्लग बदलून भागत नाही, कारण खराब पाती नवी पिनही खराब करते.

सॉकेट बदलेपर्यंत १००० वॅटवर चालवून निभेल का? करंट निम्मा झाला की त्या जागेची उष्णता पाव होते, पंधराऐवजी चार वॅटच्या खाली येते. त्यामुळे धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. जागेपणी तासभर ठीक. रात्रभर नको.

आणि मोठ्या पिनांचा १६ अँपिअरचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवायला जो जोडतुकडा मिळतो, तो हीटरला कधीच लावू नका. छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यात १००० वॅट बसतात, २००० नाही.

९. सॉकेट लांब आहे. एक्स्टेन्शन बोर्ड चालेल का?

नाही. एक्स्टेन्शनमुळे एकाऐवजी दोन ठिकाणी पिन-पातीची जोडणी येते आणि दोन्हीकडे प्रश्न ८ मधला प्रकार होऊ शकतो. त्यातून वायर बारीक असेल आणि गुंडाळी करून ठेवली असेल किंवा गालिच्याखालून नेली असेल तर ती स्वतःच तापते. हीटर सॉकेटजवळ आणा. तिथे एक मीटर मोकळी जागा नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून योग्य जागी २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट करून घ्या.

१०. हीटरमुळे खोलीतला ऑक्सिजन संपतो का? ऑइल हीटर हवा कोरडी करत नाही हे खरं का?

ऑक्सिजन संपत नाही. या तिघांतही काहीच जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन वापरला जात नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होत नाही. तो धोका कोळशाच्या शेगडीचा आणि गॅस हीटरचा. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने हवा जड होते ती हीटर नसतानाही होते, म्हणून थोडी हवा खेळती ठेवा एवढंच.

कोरडेपणाचं म्हणाल तर तिन्ही सारखेच. हवेतली वाफ कुठे जात नाही, पण गरम हवेत वाफ मावण्याची क्षमता वाढते, म्हणून सापेक्ष आर्द्रता घसरते. १२ अंशांवर ७० टक्के असलेली आर्द्रता तीच हवा २२ अंशांवर नेली की ४० टक्क्यांच्या खाली येते, हीटर कोणताही असो. फॅन हीटरचा झोत थेट चेहऱ्यावर घेतला तर डोळे आणि घसा लवकर सुकतात, त्यामुळे तो जास्त कोरडा वाटतो. घसा सुकत असेल तर तापमान दोन अंश कमी ठेवून बघा. खोलीत पाण्याचं भांडं ठेवल्याने थोडा फरक पडतो, पण ते हीटरवर ठेवू नका.

११. घरात रांगतं मूल आहे. ऑइल हीटर निर्धास्त वापरता येईल?

निर्धास्त नाही. तो आग लावणार नाही, पण पट्ट्या हाताला भाजण्याइतक्या तापतात आणि रांगणारं मूल हात पटकन मागे घेत नाही. शिवाय हीटर चाकांवर असतो. धरून उभं राहायला गेलं तर सरकतो. चाकं सरकणार नाहीत अशी अडवा आणि बाजूला असं कुंपण ठेवा की ते स्वतः तापणार नाही. हॅलोजनच्या जाळीतून लहान बोट आत जाऊ शकतं, आणि त्याचा लालभडक उजेड मुलांना खुणावतोच. लहान मूल किंवा मांजर असलेल्या खोलीत तो नको.

१२. ऑइल हीटरवर ओले कपडे वाळवले तर?

काही हीटरबरोबर कपड्यांसाठी वेगळा दांडा येतो, तो पट्ट्यांपासून उंचावर असतो. तेवढा चालतो. थेट पट्ट्यांवर कपडा टाकला की उष्णता आत कोंडते, थर्मल कटआउट वीज तोडतो आणि मग 'हीटर बिघडला' म्हणून तक्रार येते. पाणी ठिबकून चकतीत शिरलं तर शॉकचा धोका. खोली उबदारही होत नाही, कारण बरीच उष्णता कपड्यातलं पाणी उडवण्यात जाते.

१३. फॅन हीटरला जळका वास येतो आणि तो मध्येच बंद पडतो. काय झालं असेल?

हंगामात पहिल्यांदा लावला आणि पाच-दहा मिनिटांत वास गेला, तर ती कॉइलवरची धूळ होती. नवा हीटर असेल तर कारखान्यातला लेप असतो. खिडकी उघडून अर्धा तास चालवा.

वास जात नसेल आणि हीटर दहा मिनिटांनी आपोआप थांबत असेल, तर मागच्या जाळीकडे बघा. उघडलेल्या बहुतेक फॅन हीटरमध्ये तिथे केस आणि गादीच्या तंतूंचा नमदा जमलेला सापडतो. हवा आत येत नाही, कॉइल लाल होते, कटआउट काम करतो. म्हणजे तो बिघाड नाही, सूचना आहे. प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या, ब्रशने किंवा व्हॅक्यूमने जाळी साफ करा. पलंगाखालून किंवा जमिनीला टेकून चालवणं टाळा.

साफ करूनही थांबत असेल, किंवा पंखा कुरकुरत हळू फिरत असेल, तर बहुधा मोटरचं बेअरिंग गेलं आहे. तो हीटर वापरू नका. कटआउट काढून थेट वायर जोडून देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून हीटर परत घ्या.

१४. ऑइल हीटरमधून टकटक आवाज येतो. खाली तेलाचा डागही दिसतो.

आवाज आणि डाग या वेगळ्या गोष्टी आहेत. तापताना आणि गार होताना लोखंड प्रसरण-आकुंचन पावतं, त्याचा टकटक आवाज येतो. त्यात काही नाही. वाहतुकीत आडवा ठेवलेला हीटर लगेच सुरू केला तर गुडगुडही ऐकू येते. तो काही तास उभा ठेवूनच सुरू करा, कारण एलिमेंट तेलात बुडलेला असायला हवा.

डाग दिसला तर मात्र वापर तिथेच थांबवा. पातळी घटली की एलिमेंटचा काही भाग उघडा पडतो आणि जास्त तापतो. घरी तेल भरायची त्यात सोयच नसते, ते सीलबंद यंत्र आहे.

१५. अंघोळीनंतर थंडी वाजते. बाथरूममध्ये फॅन हीटर ठेवू का?

जमिनीवर ठेवायचा कोणताच हीटर बाथरूममध्ये नको. ओलं अंग, ओली फरशी आणि हातात स्विच हे त्रिकूट वाईट. हॅलोजनच्या तापलेल्या नळीवर पाणी उडालं तर काच तडकू शकते. बाथरूमसाठी उंचावर भिंतीत बसवण्याचे, पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेले वेगळे हीटर येतात. ते कायमस्वरूपी जोडणीने आणि करंटची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असलेल्या लाइनवरच बसवा. नाहीतर खोलीतच हीटर लावून ठेवा आणि बाहेर येऊन कपडे बदला.

१६. टायमर किंवा मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग लावून पहाटे आपोआप सुरू केला तर?

हॅलोजन आणि फॅन हीटरसाठी नाही. तुम्ही झोपल्यावर त्याच्या समोर काय येऊन पडलं आहे हे त्या प्लगला कळत नाही. ऑइल हीटर चालेल, दोन अटींवर. प्लगवर १६ अँपिअर लिहिलेलं असावं, कारण यातले बरेच १० अँपिअरचे असतात आणि तासन् तास ८.७ अँपिअर वाहून तेही तापतात. दुसरं म्हणजे हीटरचं बटण साधं खटक्याचं असावं. डिजिटल पॅनेलचे बरेच हीटर वीज आली तरी आपोआप सुरू होत नाहीत.

हीटरमध्येच टायमर असेल तर तो वापरा. आणि तो सुरू करण्यापेक्षा बंद करण्यासाठी जास्त कामाचा आहे.

१७. व्होल्टेज कमी असतं तेव्हा हीटर नीट तापत नाही. स्टॅबिलायझर लावू का? आणि इन्व्हर्टरवर चालेल का?

स्टॅबिलायझरची गरज नाही. व्होल्टेज घटलं की वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर २००० वॅटचा हीटर सुमारे १५०० वॅट देतो. ऊब कमी मिळते, वीजही तेवढी कमी जाते आणि हीटरचं काही बिघडत नाही. फक्त फॅन हीटरमध्ये पंखाही मंदावतो, म्हणून वारंवार कटआउट होत असेल तर कमी व्होल्टेजच्या वेळी खालची पायरी लावा.

घरगुती इन्व्हर्टरवर यातला एकही चालवू नका. ओव्हरलोड होऊन तो बंद पडेल, किंवा बॅटरी लवकर बसेल.

१८. पंखा जोडलेला ऑइल हीटर २९०० वॅटचा आहे. तो घ्यावा का?

त्यात २५०० वॅटच्या पट्ट्या आणि ४०० वॅटचा छोटा ब्लोअर असतो. कल्पना चांगली आहे, कारण ऑइल हीटरची पहिली सुस्त वीस मिनिटं ब्लोअर भरून काढतो. पण दोन्ही मिळून १२.६ अँपिअर लागतात. प्रश्न ८ मधला वर्गाचा हिशेब आठवला तर त्याच सैल सॉकेटमध्ये पंधरा वॅटच्या जागी तीसहून जास्त वॅट उष्णता होईल. त्याच लाइनवर गिझर किंवा इस्त्री असेल तर १६ अँपिअरचा एमसीबी पडू शकतो.

दहा बाय दहाच्या खोलीला एवढा हीटर लागत नाही. नऊ पट्ट्यांचा, १००० आणि २००० वॅटच्या पायऱ्यांचा पुरेसा आहे. मोठा आधीच घेतला असेल तर पट्ट्या खालच्या पायरीवर ठेवा आणि ब्लोअर पहिली वीस मिनिटं लावून बंद करा.